ग्रीन चॅनेलमधून जाण्याआधी

परदेशातून विमानाने आलेला प्रवासी बॅगा घेऊन बाहेर पडण्याआधी त्याच्यासमोर दोन वाटा येतात. जाहीर करण्यासारखे काही नसेल तर ग्रीन चॅनेल, असेल तर रेड चॅनेल. ग्रीन चॅनेलमध्ये पाऊल टाकणे हेच कायद्याच्या दृष्टीने एक निवेदन असते: 'माझ्याकडे शुल्क लागणारी किंवा निर्बंध असलेली वस्तू नाही.' त्यामुळे पुढे अधिकाऱ्याने थांबवल्यावर "मला कोणी विचारलंच नाही" हे उत्तर फारसे चालत नाही. भारताच्या सीमाशुल्क कायद्याच्या, म्हणजे १९६२ च्या कस्टम्स अ‍ॅक्टच्या, कलम ७७ नुसार आपल्या सामानात काय आहे हे सांगण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे, विचारण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची नाही.

या बाबतीतला बहुतेक गोंधळ 'मर्यादा' कशाची हे न कळल्याने होतो. रोकड आणि सोने यांना लागणाऱ्या मर्यादा एकाच जातीच्या नाहीत. काही मर्यादांपर्यंत वस्तू शुल्काशिवाय आणता येते आणि त्यापुढे शुल्क भरून आणता येते. काही मर्यादा फक्त सांगण्याच्या असतात: कितीही रक्कम आणा, पण अमुक एका आकड्यापुढे असेल तर लिहून द्या. तिसऱ्या जातीची मर्यादा मात्र खरोखरची बंदी असते, तिच्यापुढे एक रुपयाही चालत नाही. दुबईहून मुंबईला येणाऱ्या एकाच प्रवाशाला या तिन्ही मर्यादा एकाच वेळी लागू होऊ शकतात.

परकीय चलन भारतात आणायला कमाल मर्यादा नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही. डॉलर, दिरहम, रियाल कितीही आणता येतात. अट एवढीच की रोख परकीय नोटा ५,००० अमेरिकी डॉलर किंवा तेवढ्या किमतीपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून रक्कम १०,००० डॉलरच्या वर जात असेल, तर विमानतळावर करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरून द्यायचा. त्या फॉर्मवर कस्टमचा शिक्का बसतो आणि एक प्रत प्रवाशाला मिळते. शुल्क काही नाही. ही प्रत सांभाळून ठेवावी. मोठी परकीय रोकड एनआरई खात्यात भरायला गेल्यावर बँक हाच कागद मागते, आणि उरलेले चलन परत बाहेर नेताना ते आपणच आणले होते याचा पुरावाही हाच असतो.

भारतीय रुपयांचे गणित उलटे आहे. नेपाळ आणि भूतान सोडून इतर देशांतून येताना किंवा तिकडे जाताना भारतात राहणाऱ्या माणसाला २५,००० रुपयांपर्यंतच भारतीय नोटा जवळ बाळगता येतात. ही बंदीची मर्यादा आहे. ४०,००० रुपये घेऊन निघालेल्याने ते रेड चॅनेलवर जाहीर केले तरी वरच्या १५,००० ना परवानगी मिळत नाही. परदेशात रुपया चालत नाही, मग एवढी अडवणूक कशाला, असे वाटू शकते. पण रुपया देशाबाहेर रोखीने साठू नये हे परकीय चलन कायद्याचे, म्हणजे फेमाचे, जुने धोरण आहे.

बाहेर जाताना परकीय चलनालाही कमाल मर्यादा लागते. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता किंवा नेता येतात, पण त्यातले रोख नोटांत एका प्रवासासाठी बहुतेक देशांना ३,००० डॉलरच. बाकीचे फॉरेक्स कार्डावर किंवा बँकेमार्फत. इराक, लिबिया, इराण, रशिया अशा काही देशांना सवलतीचे वेगळे आकडे आहेत, पण सामान्य पर्यटकाशी त्यांचा संबंध नाही. परत आल्यावर न वापरलेले चलन १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत विक्रेत्याला विकायचे असते. २,००० डॉलरपर्यंत घरी ठेवले तर चालते. कुर्ला किंवा अंधेरीच्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून बिलाशिवाय घेतलेले डॉलर येथेच अडचणीत आणतात. पकडल्यावर पहिला प्रश्न 'किती' हा नसतो, 'कुठून घेतले, पावती दाखवा' हा असतो.

न सांगता नेलेले परकीय चलन सापडले तर ते कलम ११० खाली ताब्यात घेतले जाते, कलम ११३ खाली जप्त होऊ शकते, आणि बंदी असलेला माल बाहेर नेल्याबद्दल कलम ११४ नुसार किमतीच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याशिवाय फेमाच्या कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत वेगळा दंड आहे.

सांगण्याची मर्यादा आणि बंदीची मर्यादा यांत किती अंतर असते हे अमेरिकेतल्या एका खटल्यातून फार स्वच्छ दिसते. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून सायप्रसला निघालेल्या एका कुटुंबाच्या सामानात नोटांचा वास ओळखणाऱ्या कुत्र्यांनी रोकड शोधली. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर रोकड आत आणताना किंवा बाहेर नेताना सांगावी लागते, आणि एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र धरतात. अधिकाऱ्याने हे समजावून विचारले, तेव्हा कुटुंबप्रमुखाने आपल्याकडे ८,००० आणि पत्नीकडे ७,००० डॉलर असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात सापडले ३,५७,१४४ डॉलर. पैसा कष्टाचा होता, कर्ज फेडायला नेला जात होता, आणि ही सगळी रक्कम एक फॉर्म भरून उघडपणे नेता आली असती. सरकारने सगळीच्या सगळी मागितली. खालच्या न्यायालयाने १५,००० डॉलर जप्त केले आणि ५,००० डॉलर दंड ठोठावला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, केवळ न सांगितल्याबद्दल कायदेशीर पैसा पूर्ण जप्त करणे ही घटनेने मना केलेली अवाजवी शिक्षा आहे. त्यानंतर अमेरिकेने रोकड लपवून नेणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा स्वतंत्र गुन्हा केला, हेही ध्यानात ठेवायला हवे.

युरोपीय संघाची मर्यादा १०,००० युरोची आहे आणि तीही सांगण्याची आहे. जून २०२१ पासून तेथे 'रोकड' या व्याख्येत सोन्याची शुद्ध बिस्किटे आणि सोन्याची नाणीही धरली जातात. संयुक्त अरब अमिरातीत ६०,००० दिरहमपेक्षा जास्त रोकड, सोने किंवा मौल्यवान खडे जवळ असतील तर येताना आणि जातानाही जाहीर करावे लागते. दुबईच्या सोनेबाजारातून दागिने घेऊन निघालेला प्रवासी भारतात काय भरायचे याचा हिशेब करतो आणि निघतानाच्या या नियमाकडे दुर्लक्ष करतो, असे वारंवार होते.

सोन्याची गोष्ट रोकडीपेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यामागे दीर्घ इतिहास आहे. साठच्या दशकातील सुवर्ण नियंत्रणाने देशात सोने बाळगण्यावरच निर्बंध आले. पुढची तीन दशके कोकणच्या किनाऱ्यावर दुबईहून गलबतांनी दहा तोळ्यांची बिस्किटे उतरत राहिली, ११६.६४ ग्रॅमचे ते बिस्किट तस्करीचे चलनच बनले होते. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ मध्ये परदेशात राहणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने उघडपणे आणण्याची मुभा मिळाली. पुढे ही मर्यादा बदलत गेली आणि आज ती एक किलोची आहे. आजही सवलतीच्या यादीत 'तोळ्याचे बार' हा वेगळा उल्लेख सापडतो, तो त्या इतिहासाचाच अवशेष.

प्रवाशाच्या सोन्याला दोन वेगळ्या सवलती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. पहिली दागिन्यांची. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयाला पुरुष असल्यास २० ग्रॅम आणि स्त्री असल्यास ४० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात. २०१६ च्या बॅगेज नियमांत याला किमतीचीही अट होती, पुरुषाला ५०,००० आणि स्त्रीला एक लाख रुपये. सोन्याचे भाव चढत गेले तशी ही अट हास्यास्पद झाली, कारण ४० ग्रॅम सोने एक लाखात बसणे केव्हाच बंद झाले होते आणि वजनाची सवलत कागदावरच उरली होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या बॅगेज नियमांनी किमतीची अट काढून फक्त वजन ठेवले. ही सवलत दागिन्यांनाच आहे. बिस्किट, नाणे किंवा पत्रा यांना ती एक ग्रॅमचीही मिळत नाही.

दुसरी सवलत शुल्काच्या दराची. परदेशात किमान सहा महिने राहून येणारा भारतीय पासपोर्टधारक किंवा भारतीय वंशाचा प्रवासी दागिने धरून एक किलोपर्यंत सोने कमी दराने शुल्क भरून आणू शकतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने सोन्यावरचे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले, तेव्हापासून ही वाट पुष्कळ स्वस्त झाली. शुल्क परिवर्तनीय परकीय चलनात भरायचे, अशी अट आहे. म्हणून सोने घेऊन येणाऱ्याने थोडे दिरहम किंवा डॉलर वेगळे ठेवलेले बरे. शुल्क दुकानाच्या बिलावर नव्हे, तर सरकार ठरावीक काळाने जाहीर करते त्या टॅरिफ मूल्यावर आकारले जाते. तरीही बिल जवळ हवेच, कारण वजन, शुद्धता आणि सोने खरोखर कोणाचे आहे हे त्यावरून कळते.

सहा महिने मोजण्यात अनेक जण फसतात. मधल्या काळातल्या भारतभेटी चालतात, पण सगळ्या मिळून ३० दिवसांपर्यंतच, आणि त्या भेटींत ही सवलत घेतलेली नसावी. शारजात नोकरी करणारा एखादा चाकरमानी गणपतीला येऊन ३५ दिवस गावी राहिला आणि परत जाऊन चार महिन्यांनी बहिणीच्या लग्नासाठी सोने घेऊन आला, तर त्याची सहा महिन्यांची अट मोडते. तो सहा वर्षे शारजात राहतो, हे खरे असले तरी उपयोगाचे नाही. अधिकारी पासपोर्टवरचे शिक्के पाहून दिवस मोजतो.

आता एक हिशेब. भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपये धरू, म्हणजे आकडे सोपे होतील. दुबईत चार वर्षे सलग राहून परतणाऱ्या पुरुषाकडे २० ग्रॅमची साखळी आणि ८० ग्रॅमचे क्रमांक कोरलेले बिस्किट आहे. तो रेड चॅनेलवर गेला. साखळी शुल्कमुक्त, बिस्किटाची किंमत आठ लाख, त्यावर ६ टक्के म्हणजे ४८,००० रुपये शुल्क. पावती घेऊन तो तासाभरात बाहेर.

तेच सोने दुबईत आठवडाभर फिरून आलेल्या पर्यटकाकडे असेल तर दोन्ही सवलती नाहीत. बॅगेजवरचा सर्वसाधारण दर गेली काही वर्षे अधिभारासह साडेअडतीस टक्के आहे, म्हणजे दहा लाखांच्या सोन्यावर ३,८५,००० रुपये. दुबईत तोळ्यामागे वाचलेले चार पैसे यात कुठेच पुरत नाहीत. ज्याला हे परवडत नाही त्याच्यासाठी कलम ८० ची एक सोय आहे, तिची माहिती फार थोड्यांना असते. वस्तू खरेपणाने जाहीर केली असेल, तर प्रवाशाच्या विनंतीवरून ती कस्टमच्या ताब्यात ठेवून परत देशाबाहेर जाताना मिळू शकते. हे मागताना तपशीलवार डिटेन्शन रिसीट घ्यावी, वजन आणि वर्णन तिच्यावर नीट लिहिले आहे का ते तिथेच पाहावे.

पहिल्याच प्रवाशाने, म्हणजे सगळ्या सवलतींचा हक्क असलेल्याने, साखळी शर्टाखाली आणि बिस्किट पाकिटात ठेवून ग्रीन चॅनेल धरला आणि दाराबाहेर पडताना त्याला थांबवले, तर चित्र पूर्ण बदलते. आधी दोन पंचांसमोर पंचनामा होतो. अंगझडतीला हरकत असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याची मागणी प्रवासी करू शकतो, हा त्याचा कलम १०२ खालचा हक्क आहे. शासनमान्य मूल्यांकक कसोटीवर शुद्धता पाहून वजन आणि किंमत लिहून देतो. कलम १०८ खाली जबाब नोंदवला जातो. सोने जप्तीत जाते आणि सहा महिन्यांच्या आत कारणे दाखवा नोटीस येते. वरिष्ठ अधिकारी ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतो.

मग निर्णय. न सांगता आणलेले सोने सवलतीच्या अटी मोडून आल्यामुळे 'प्रतिबंधित माल' ठरते. अटी न पाळता आणलेला माल प्रतिबंधित मानण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल अधिकारी नेहमी आधाराला घेतात. माल प्रतिबंधित असेल तर दंड घेऊन तो परत द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. परत द्यायचे ठरले तर सोडवणूक दंडाची वरची मर्यादा म्हणजे बाजारभाव वजा शुल्क. दहा लाखांच्या सोन्याला ३,८५,००० शुल्क, तर दंड ६,१५,००० पर्यंत जाऊ शकतो. याशिवाय कलम ११२ खाली व्यक्तिगत दंड सोन्याच्या किमतीइतका, म्हणजे आणखी दहा लाखांपर्यंत. खोटे निवेदन जाणूनबुजून केल्याचे दिसले तर कलम ११४ एए खाली किमतीच्या पाचपटीपर्यंतचा दंड वेगळाच. प्रत्यक्षात इतका दंड क्वचित लागतो. पण ४८,००० वाचवण्याच्या नादात प्रवाशाने आपणहून अधिकाऱ्याच्या हाती दिलेला अधिकार एवढा मोठा असतो.

सोन्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कलम १२३ नुसार तस्करीच्या वाजवी संशयावरून पकडलेले सोने तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर असतो. साधारण फौजदारी कायद्याच्या हे उलट आहे. म्हणून 'आईने दिले होते' हे खरे असूनही कागदाशिवाय ते टिकत नाही.

अटकेचा विषय सहसा रकमेवर ठरतो. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे बॅगेज आणि तस्करीच्या प्रकरणांत ५० लाख किंवा त्याहून जास्त बाजारमूल्य असेल तर अटक आणि खटल्याचा विचार होतो. कलम १३५ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि माल एक कोटीच्या वर किंवा बुडवलेले शुल्क ५० लाखांच्या वर असेल तर सात वर्षांपर्यंत. पेस्ट करून कपड्यात शिवलेले, शरीरात दडवलेले किंवा ट्रॉलीच्या चौकटीत ओतलेले सोने असेल तर चूक झाली ही सबब संपतेच. २४ कॅरेटचे ओबडधोबड कडे किंवा घडणावळ नसलेली जाड साखळी 'दागिना' म्हणून घालून आलेल्यांनाही अधिकारी लगेच ओळखतात, कारण अंगावर मिरवण्याचे सोने साधारण २२ कॅरेटचे आणि नीट घडवलेले असते.

अंगावरच्या जुन्या दागिन्यांचे काय, हा प्रश्न परदेशी लग्नाला जाणाऱ्या बायकांना पडतो. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या येथून घालून गेल्या आणि परतताना कोणी विचारले, तर हे सोने येथलेच हे कसे पटवायचे? त्यासाठी जातानाच कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचे. दागिने, त्यांची बिले किंवा मान्यताप्राप्त सराफाचा मूल्यांकन दाखला आणि पासपोर्ट, तिकीट घेऊन उड्डाणाच्या पुष्कळ आधी जायला हवे. अधिकारी दागिन्यांचे वर्णन, वजन आणि किंमत लिहून शिक्का देतो. चेक-इन झाल्यावर शेवटच्या अर्ध्या तासात हे होत नाही. वापरातल्या वैयक्तिक दागिन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात प्रवाशाच्या बाजूने मत दिले आहे, पण निकाल हातात पडेपर्यंत दागिने वर्षानुवर्षे सरकारी तिजोरीत राहिले होते. दाखला त्या मानाने स्वस्त पडतो.

निर्णय मान्य नसेल तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येते. बॅगेजच्या प्रकरणांत पुढची दाद न्यायाधिकरणाकडे नसून केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्जाने मागायची असते, आणि त्याची मुदत तीन महिन्यांची आहे.